‘लाइट बिल वेगळं’ : दांडिया बाजारातल्या एका पीजीच्या जाहिरातीचं प्रकरण

हे प्रकरण बडोद्याचं आहे, आमच्याच खांच्यातलं, म्हणजे गल्लीतलं. नावं कुणाचीच देत नाही, गावं आणि आकडे तेवढे खरे ठेवलेत. आणि आधीच सांगून टाकतो की ज्या जाहिरातीमुळे हे सगळं झालं ती जाहिरात मोबाइलवर मीच टाइप केली होती, त्यामुळे इथे कुणाला दोष देताना माझा वाटा धरूनच देतोय.

पार्श्वभूमी

काका रेल्वेतून रिटायर झालेले, काकू घरीच. घर जुनं, दोन मजली, खाली ते दोघं आणि वर दोन खोल्या. मुलगा पुण्याला गेला तशा वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या. त्यातल्या एका खोलीत मुलाने लावलेला दीड टनाचा एसी होता, दुसरीत नुसता पंखा आणि मोठी खिडकी. घरापासून कलाभवन, म्हणजे एमएस युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी, चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे जून-जुलै आला की दांडिया बाजार, राजमहल रोड, रावपुरा या पट्ट्यात आईवडील मुलांना घेऊन खोल्या शोधत फिरताना दिसतातच, आणि नंदुरबार-धुळ्याकडची मराठी मंडळी असली की हमखास विचारतात, इथे कुणी आपलं माणूस आहे का म्हणून.

काकूंनी ठरवलं, मुली ठेवायच्या, चार. दोन-दोन एका खोलीत, जेवण घरचं. मला बोलावून म्हणाल्या, “अरे जरा छानसं लिहून दे, ग्रुपवर टाकायला.” मी लिहिलं :

“दांडिया बाजारात कॉलेजच्या मुलींसाठी राहण्याची उत्तम सोय. घरगुती वातावरण, घरचं जेवण, सर्व सोयी. एसी रूम उपलब्ध. भाडं माफक, लाइट बिल वेगळं. सुसंस्कृत कुटुंबातील मुलींनीच संपर्क करावा. घराचे नियम पाळावे लागतील.”

वाचायला बरी वाटते ना? मलाही वाटली होती. व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन मराठी ग्रुपवर टाकली, गुजरातीत करून कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे एक कागद चिकटवला, आणि आठवड्याभरात काकूंना चाळीसेक फोन आले. सगळ्या फोनवर प्रश्न तेच चार, भाडं नक्की किती, जेवण किती वेळा, गेट किती वाजता बंद, डिपॉझिट किती. म्हणजे जाहिरातीत जे असायला हवं होतं नेमकं तेच नव्हतं आणि काकू दिवसभर फोनवर जाहिरात तोंडी पुरी करत बसल्या. त्यातही सकाळच्या फोनला एक आणि संध्याकाळच्या फोनला दुसरं. एका आईला गेट साडेनऊ सांगितलं, दुसरीला “नऊ-दहापर्यंत या हो, आपलंच घर आहे.”

शेवटी चौघी आल्या. नंदुरबारची आणि अमळनेरची एसी खोलीत, धुळ्याची आणि दाहोदची पंख्याच्या खोलीत. भाडं दोन वेळच्या जेवणासकट पंख्याच्या खोलीत माणशी ६,५०० आणि एसीच्या खोलीत ७,५००. डिपॉझिट एक महिन्याचं. काकांनी चौघींचे आधार कार्ड आणि फोटो घेऊन पोलिसांच्या पोर्टलवर भाडुआत नोंदणी तेवढी लगेच केली, पोलीस आयुक्तांचा जाहीरनामा असतो त्याबद्दल आणि काका सरकारी कागदाला घाबरतात. बाकी लेखी काहीच नाही.

अडचण पहिली : नवरात्र

ऑगस्ट-सप्टेंबर मजेत गेले. मग नवरात्र आली. बडोद्यात नवरात्रीत मुलीला साडेनऊला घरात या म्हणणं म्हणजे पंढरपुरात जाऊन एकादशीला वारीला जाऊ नका म्हणण्यासारखं आहे, कारण गरबा रंगतोच मुळी दहाच्या पुढे, लाउडस्पीकर बारापर्यंत चालतो, आणि त्यानंतर सगळं गाव नाश्त्याला रस्त्यावर असतं.

पहिल्या रात्री मुली पाऊणला परत आल्या. बेल वाजली, काका उठले. काकांना बीपीची गोळी आहे, एकदा झोप मोडली की पहाटेपर्यंत लागत नाही. दुसऱ्या रात्री काकू म्हणाल्या की साडेनऊनंतर दार उघडणार नाही, नियम म्हणजे नियम. तिघी मैत्रिणीच्या हॉस्टेलवर राहिल्या, एक रडत घरीच बसली. सकाळी अमळनेरहून वडिलांचा फोन, “काकू, मुलगी रात्री तुमच्याकडे नव्हती तर तुम्ही आम्हाला कळवलं का नाही?” प्रश्न अगदी रास्त होता, आणि काकूंकडे उत्तर नव्हतं, कारण दार बंद ठेवून मुलगी सुरक्षित होते असं त्यांच्या डोक्यात होतं आणि प्रत्यक्षात ती कुठे आहे हेच माहीत नव्हतं.

त्या दिवशी मला बोलावलं. बसून पर्याय काढले. एक, नियम तसाच ठेवायचा. मुली दिवाळीनंतर सोडून जाणार हे दिसत होतं, वर बदनामी. दोन, नऊ दिवस नियमच नाही म्हणायचं. ते काकूंना झेपणारं नव्हतं, आणि खरं तर आईवडिलांनाही नसतं आवडलं. तीन, नवरात्रीपुरती वेगळी वेळ ठरवायची, पण मग रोज एक वाजता उठणार कोण?

इथे काका जे बोलले त्याने गाठ सुटली. म्हणाले, “मला त्यांच्या गरब्याचं काही नाही रे, मला रात्री उठावं लागतं त्याचं आहे.” आणि मग लक्षात आलं की समोरच्या दाराला आतून कडी आहे, लोखंडी, जुनी, आणि ती बाहेरून उघडतच नाही. म्हणजे साडेनऊचा नियम आम्ही इतके दिवस संस्काराचा समजत होतो, तो खरा कडीचा होता! वर जाणारा जिना मागच्या बोळातूनही आहे, त्या दाराला नाइट लॅच बसवलं, सुतारासकट हजाराच्या आत काम झालं, आणि चौघींना चार चाव्या दिल्या.

वेळ ठरवली ती अशी. एरवी रात्री दहा, नवरात्रीचे नऊ दिवस रात्री एक. जाताना कमीत कमी दोघी बरोबर, एकटीने यायचं नाही. आणि ज्या दिवशी जायचं त्या दिवशी आईने किंवा वडिलांनी काकूंना संध्याकाळी मेसेज करायचा, नुसता ‘आज जातेय’ इतका. मला वाटलं होतं पालक कुरकुर करतील, उलट त्यांनाच बरं वाटलं. काकांनी आपल्या रेघांच्या वहीत तारखेसकट हे लिहून चौघींच्या सह्या घेतल्या. उरलेल्या सहा रात्री बेल एकदाच वाजली, दाहोदची चावी वरच विसरून गेली होती तेव्हा.

चाव्या द्यायचा निर्णय काकूंना आजही थोडा टोचतो, हेही लिहायला हवं. चार चाव्या बाहेर आहेत म्हणजे चार डुप्लिकेट होऊ शकतात. त्यावर तोडगा एवढाच काढला की मुलगी खोली सोडून गेली की लॅचचा सिलिंडर बदलायचा, ते डिपॉझिटमधून नाही, आपल्या खिशातून.

अडचण दुसरी, आणि खरी : बिल

लाइट बिल आमच्याकडे दोन महिन्यांनी येतं. काका-काकू दोघंच असताना त्याच दिवसांचं बिल साधारण ३०० युनिटचं, २,१०० रुपयांच्या आसपास यायचं. ऑक्टोबरअखेरीस आलं ते ८८० युनिटचं, ७,०४० रुपये. काकूंनी सरळ हिशोब केला, जादाचे ४,९४० भागिले चार, माणशी १,२३५, आणि जिन्यावर कागद चिकटवला.

संध्याकाळी चौघी खाली. पंख्याच्या खोलीतल्या दोघींचं म्हणणं, आमच्याकडे एसीच नाही तर आम्ही एवढे का द्यायचे. एसीवाल्या दोघींचं म्हणणं, आम्ही दर महिन्याला हजार रुपये एसीचेच जास्त देतोय, दोघींचे मिळून दोन महिन्यांत चार हजार झाले, मग पुन्हा एसीचं बिल कसलं. काकूंचं म्हणणं, ते हजार खोलीचे, मोठी आहे, एसी मुलाने चाळीस हजारांचा घेतलाय, आणि जाहिरातीत स्पष्ट लिहिलंय, लाइट बिल वेगळं.

तिन्ही बाजू ऐकल्या तर तिन्ही खऱ्या वाटतात, आणि तिथेच माझ्या त्या तीन शब्दांची किंमत कळली. वेगळं म्हणजे कशापासून वेगळं? सगळ्या घराचं की वरच्या मजल्याचं? वाटणी डोक्यामागे की खोलीमागे? आणि जादा हजार हे यंत्राचं भाडं आहे की विजेचे पैसे? जाहिरातीत एक ओळ असती तर जुलैतच यावर बोलणं झालं असतं, आणि जुलैत बोलणं सोपं असतं, कारण तेव्हा कुणीच कुणाला काही देणं लागत नसतं.

पर्याय पुन्हा मांडले. सरसकट चार भाग, जे काकूंनी केलंच होतं, सोपं पण पंख्यावाल्यांवर अन्याय. दुसरा, भाड्यातच सगळं धरून ठोक रक्कम वाढवायची. त्यात कटकट शून्य, पण मग एसी दुपारी दोनला सुरू होतो आणि मुलगी लायब्ररीत असताना खोली गार होत राहते, हे शेजारच्या सोसायटीतल्या एका पीजीत आम्ही बघितलेलं. तिसरा, एसीच्या वेळा बांधून द्यायच्या, रात्री दहा ते सहा वगैरे. काकूंना हा आवडला होता, पण रोज वर जाऊन बघणार कोण, आणि परीक्षेच्या दिवसांत दुपारी अभ्यास करणाऱ्या मुलीला एसी बंद कर सांगणार कोण. चौथा, एसीच्या लाइनवर वेगळा सबमीटर.

सबमीटर पुढच्यासाठी झाला, पण मागच्या दोन महिन्यांचं काय? इथे काकांमधला रेल्वेचा कारकून जागा झाला. मुली दिवाळीला घरी गेल्यावर त्यांना फोन करून, विचारून, काकांनी एक प्रयोग केला. एका रात्री दहाला मेन मीटरचा आकडा लिहिला, सकाळी सहाला परत लिहिला, एसी बंद. फ्रिज आणि खालचा पंखा धरून ३ युनिट. दुसऱ्या रात्री सगळं तसंच, फक्त वरचा एसी वीसवर लावून स्वतः काका तिथे झोपले, गोधडी घेऊन. सकाळी आकडा साडेदहा युनिटने पुढे. म्हणजे एसीची एक रात्र साडेसात युनिटची. नंदुरबारची म्हणाली, सगळ्या मिळून ४५ एक रात्री लावला असेल. गुणाकार ३४० च्या आसपास. जादाच्या ५८० मधून हे गेले की उरतात २४०, ते चौघींचे पंखे, दिवे, इस्त्री, केटल, वॉशिंग मशीन आणि पाण्याची मोटर. मोटर लोक विसरतात. नळाला पाणी ठरावीक वेळ येतं, ते खालच्या टाकीत पडतं आणि वर चढवावं लागतं, आणि दोघांच्या जागी सहा जण आंघोळ करायला लागले की मोटरही तेवढीच जास्त चालते.

प्रयोगात खोट होती हे काकांनीच सांगितलं. ऑक्टोबरात रात्री जास्त उकडतं तेव्हा कॉम्प्रेसर जास्त चालतो, म्हणजे साडेसात हा आकडा कमीच असणार. आणि दराचीही एक गोम आहे. पूर्ण बिल भागिले युनिट केलं तर ८ रुपये दर येतो, पण युनिट वाढले की वरच्या स्लॅबचा दर लागतो, त्यामुळे जे जादाचे ५८० युनिट होते ते खरे साडेआठला पडले होते. मी म्हटलं साडेआठ लावा. काका म्हणाले, “आठ लाव, पोरींना बिलावर भागाकार करून बघता आला पाहिजे, स्लॅब समजावत बसलो तर वाटेल फसवतोय.” मला हे पटलं. अर्धा रुपया सोडून भरवसा घेतला.

मिटवलं ते असं. २४० युनिटचे १,९२० रुपये चौघींत, माणशी ४८०. एसीचे ३४० युनिटचे २,७२० झाले, पण आधी बोलणं झालं नव्हतं म्हणून काकांनी निम्मे सोडले, एसीवाल्या दोघींनी ६८० प्रत्येकी दिले. म्हणजे ४,९४० पैकी ३,२८० जमले आणि १,६६० काकांच्या अंगावर पडले. काकू दोन दिवस काकांशी नीट बोलल्या नाहीत. काका मला हळूच म्हणाले, जाहिरात लिहायची फी समज.

पुढे काय केलं

इलेक्ट्रिशियनने एसीच्या वायरवर छोटा मीटर बसवला, जिन्याच्या भिंतीवर, मुद्दाम अशा जागी की मुलींना येता-जाता दिसेल. काकांच्या खोलीत लावला असता तर पुन्हा संशय. दर महिन्याच्या एक तारखेला एसीच्या खोलीतली एक मुलगी मीटरचा फोटो काढून काकांना पाठवते, काका नाही काढत. बाकीच्या विजेचे माणशी महिना २५० ठोक.

एप्रिलचं रीडिंग १६० युनिट आलं, १,२८० रुपये, दोघींत ६४०. ऐन उन्हाळ्यात! वीसवर चालणारा एसी सव्वीसवर आला होता आणि पहाटेचा टायमर लागत होता. काकूंनी सांगून हे कधीच झालं नसतं.

डिपॉझिटचंही एकदा झालं, थोडक्यात सांगतो. जानेवारीत धुळ्याच्या मुलीला हॉस्टेल मिळालं आणि ती आठ दिवसांत निघाली. नोटीस किती दिवसांची हे कुठेच ठरलं नव्हतं. काकूंना महिना कापायचा होता, वडील पूर्ण मागत होते, शेवटी पंधरा दिवसांवर मिटलं. खोलीत तेव्हापासून जूनपर्यंत एक पलंग रिकामाच राहिला, कारण मध्येच कुणी येत नाही. पीजीचं खरं नुकसान तिथे असतं, बिलात नाही.

दुसऱ्या वर्षीची जाहिरात

यंदा जूनमध्ये पुन्हा लिहायला बसलो तेव्हा काकांची वही समोर ठेवली. हे लिहिलं :

“दांडिया बाजार, कलाभवनपासून चालत दहा मिनिटं. मुलींसाठी, दोघींत एक खोली. पंख्याची खोली माणशी ६,५००, एसीची ७,५००. यात सकाळ-संध्याकाळ शाकाहारी जेवण आणि सकाळचा चहा, रविवारी संध्याकाळी जेवण नाही. सुट्टीत घरी गेल्यास जेवणाचे पैसे कापले जात नाहीत. वीज : माणशी महिना २५० ठोक. एसीचा मीटर वेगळा, येईल तेवढे युनिट, दर शेवटच्या बिलाप्रमाणे, एसीच्या खोलीतल्या दोघींनी द्यायचा. ७,५०० मध्ये एसीची वीज धरलेली नाही. डिपॉझिट एक महिना, सोडताना एक महिना आधी सांगावं, नाहीतर पंधरा दिवसांचे कापले जातील. रात्री दहापर्यंत यावं, नवरात्रीत एकपर्यंत, दोघी बरोबर आणि पालकांचा मेसेज. मागच्या दाराची चावी मिळेल. खोलीत इंडक्शन नाही, केटल चालेल. आधार कार्डाची कॉपी आणि फोटो पोलीस नोंदणीसाठी लागेल.”

‘सुसंस्कृत’ काढला. काकूंनी विचारलं का काढला, मी म्हटलं, तो शब्द वाचून कुणीही आजवर स्वतःला बाहेर ठेवलेलं नाही.

निकाल

फोन चाळीसच्या जागी अकरा आले. काकू आधी घाबरल्या, म्हणाल्या जास्तच लिहिलंस. पण अकरांपैकी चार जण बघायला आले आणि तिघींनी त्याच दिवशी डिपॉझिट दिलं. बघायला आलेल्यांत एका वडिलांनी फक्त एकच प्रश्न विचारला, मीटर कुठे आहे? काकांनी त्यांना जिन्यावर नेऊन दाखवला आणि त्या दिवशीचा आकडा त्यांच्यासमोर वहीत लिहिला.

चौथी जागा भरायला दोन आठवडे लागले. एसीच्या खोलीतली होती ती. दोघा-तिघांनी फोनवर सांगितलं, एसीचं बिल वेगळं असेल तर नको, भाड्यातच धरून देणारे आहेत. ते गेले. मला वाटतं जाऊ द्यायलाच हवे होते, काकूंना अजून तसं वाटत नाही.

आता काय वेगळं केलं असतं

मीटर आधी, जाहिरात नंतर. मुली यायच्या आधी काकांचा तो दोन रात्रींचा प्रयोग जुलैत केला असता तर एसीची रात्र किती युनिटची हे जाहिरातीतच लिहिता आलं असतं, आणि वाचणाऱ्याने स्वतःच गुणाकार केला असता.

मुलगी राहायला येते त्या दिवशी मेन मीटरचा फोटो काढायला हवा होता. ३०० युनिट हा आमचा जुना अंदाज होता, त्यावर मुलींनी विश्वास ठेवला हे त्यांचं मोठेपण.

नवरात्रीचं मात्र जुलैतच सुचायला हवं होतं, त्याला माफी नाही. नंदुरबारच्या माणसाला बडोद्याच्या गरब्याचा अंदाज नसेल, आम्ही तर इथेच जन्मलो.

आणि एक गोष्ट अजून लटकलेली आहे. गेल्या उत्तरायणला चौघींनी मिळून अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, अकरा मैत्रिणी बोलावल्या. पतंग, स्पीकर, तिळाची चिक्की, काकूंनी स्वतः उंधियू केलं, मजा आली, पण कठडा कमरेएवढाही नाही आणि काका दिवसभर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. जाहिरातीत अगाशीची ओळ टाकायची का, यावर दोघांचं अजून ठरत नाहीये. काकू म्हणतात टाक, अगाशी बंद. काका म्हणतात थांब, आधी कठडा किती फूट वाढवायला किती खर्च येतो ते विचारू.